दुसरी ट्रॉली

फाटक बंद झालं की माणसाचं खरं रूप कळतं, असं पवित्राचं ठाम मत होतं. आठ वर्षं तिनं या फाटकावर काढली होती. देवळात डोळे मिटून उभा राहणारा माणूसही फाटकापाशी आला की दोन मिनिटांत हॉर्नवर हात ठेवून बसतो. ज्याला कुठंच जायचं नसतं त्याला सगळ्यात जास्त घाई असते. मोटारसायकलवाले तर दांडीखालून गाडी आडवी करून काढतात, बायकोला उतरायला लावतात, पोराला वाकायला लावतात, आणि पलीकडं जाऊन चहाच्या टपरीवर अर्धा तास बसतात. यांची तिला इतकी चीड होती, की सुट्टीच्या दिवशी घरी शेजाऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजला तरी तिचं डोकं फिरायचं.

फाटक उचगावच्या पलीकडच्या शिवारातलं. एकच लोहमार्ग, वर विजेच्या तारा, दोन्ही बाजूंना ऊस, आणि रस्त्याला रुळांपाशी चांगलाच चढ. या फाटकाला स्वतःचा सिग्नल नव्हता. सगळा कारभार फोनवर चालायचा. स्टेशन मास्तर फोन करणार, पवित्रा दोन्ही दांड्या खाली घेऊन कुलूप लावणार, मग तक्त्यातला दोन आकडी प्रायव्हेट नंबर मास्तरला सांगणार. तो नंबर म्हणजे तिची जबान. "फाटक बंद आहे, कुलूप माझ्या डोळ्यांसमोर आहे, सोडा गाडी." नंबर दिला की मग मास्तरनं उलटं सांगेपर्यंत फाटक उघडायचं नाही. हे सगळं पांढऱ्यावर काळं करून केबिनच्या भिंतीवर लावलेलं होतं. पण भिंत वाचायला कुणाला वेळ असतो?

पवित्रा यायच्या आधी या जागी माणूसच नव्हता. नुसती पाटी होती: थांबा, दोन्हीकडे पाहा, मग जा. त्या दिवसांतला एक माणूस मात्र पवित्राला माहीत होता. जोतीराम त्याचं नाव. तेव्हा तो दुधाच्या टँकरवर क्लीनर होता. पहाटे आणि संध्याकाळी, दिवसातून दोनदा टँकर या रुळांवरून जायचा. दर खेपेला ड्रायव्हर अलीकडं गाडी थांबवायचा, जोतीराम उतरायचा, चालत रुळांपर्यंत जायचा, आधी मिरजेकडं बघायचा, मग कोल्हापूरकडं, कान द्यायचा, आणि मगच हात हलवून टँकर पुढं घ्यायचा. कायदाच तसा आहे. जिथं फाटकाला माणूस नाही तिथं गाडीतल्या माणसानं खाली उतरून पुढं जाऊन बघायचं, सोबत कुणी नसेल तर खुद्द ड्रायव्हरनं उतरायचं. पण तो पाळणारा पंचक्रोशीत हा एकटाच. लोक त्याला "रेल्वेमंत्री" म्हणायचे. तो हसायचा आणि पुन्हा उतरायचा.

पुढं जोतीराम ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला. अमरसिंह नावाच्या ऊस वाहतूक ठेकेदाराचे चार ट्रॅक्टर होते, त्यातला एक त्याच्याकडं. मागं दोन ट्रॉल्या, दोन्हींवर कमरेला दोर बांधल्यासारखा गच्च ऊस. बाकीचे ड्रायव्हर दोन्ही ट्रॉल्या ओढत तसेच चढावर घुसायचे. ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उचलली जायची. जोतीराम मात्र फाटकाच्या अलीकडं वीस-तीस फुटांवर मागची ट्रॉली सोडायचा, पुढची पलीकडं नेऊन लावायचा, ट्रॅक्टर मोकळा करून परत यायचा आणि दुसरी न्यायचा. दहा-बारा मिनिटं जास्त लागायची. लोक शिव्या द्यायचे. पवित्राला तो माणूस आवडायचा तो यासाठीच. रूळ ओलांडायच्या आधी तो केबिनकडं बघून गाडीचं विचारायचा, "अक्का, हाय का काय?" ती म्हणायची, "न्हाय, ने." तेवढंच बोलणं, पण अख्ख्या हंगामात तिला माणसासारखं विचारणारा तेवढा एकच होता.

जानेवारीतली गोष्ट. सकाळचे अकरा वाजून गेले होते. जोतीरामनं पहिली ट्रॉली पलीकडं नेली आणि फोन वाजला.

"पवित्राबाई, मिरजेकडनं पॅसेंजर येती. फाटक बंद करा."

तिनं शिट्टी वाजवली, दोन्ही बाजूंना बघितलं, हँडल फिरवून दांड्या खाली घेतल्या, जाऊन दोन्हींना कुलपं लावली. परत येऊन नंबर दिला, वहीत वेळ लिहिली. अकरा दहा. रेल्वेच्या पलीकडच्या अंगाला जोतीराम मोकळा ट्रॅक्टर घेऊन थांबला. अलीकडच्या अंगाला, फाटकाच्या तोंडाशी, त्याची दुसरी ट्रॉली अख्खा रस्ता अडवून उभी राहिली. त्या ट्रॉलीच्या मागं एक पांढरी गाडी. तिच्यात अमरसिंह. म्हणजे ज्याच्या ट्रॉलीनं रस्ता अडवला होता, तोच त्या ट्रॉलीच्या मागं अडकला होता. पवित्राला ते बघून क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

अमरसिंहच्या पुतण्याचा साखरपुडा होता. मुहूर्त अकरा पस्तीसचा. अंगावर पांढरे कडक कपडे, मनगटात सोन्याचं कडं, आणि आवाज असा, की जणू तारेवरचा करंटही याच्या घरून येतो. तो केबिनपर्यंत चालत आला. मागं त्याची दोन माणसं, गुंडू आणि आणखी एक.

"ओ बाई, उघडा जरा. माझाच ट्रॅक्टर हाय. आला की ट्रॉली जोडतो आणि काढतो. दोन मिण्टं."

"गाडी सोडली हाय का न्हाय ते मास्तर सांगतील. नंबर दिलाय मी."

"कुठं हाय गाडी? मला तर दिसत न्हाय."

"तुम्हाला दिसली, की मग उशीर झालेला असतोय."

हे तिचं नेहमीचं वाक्य. आठ वर्षांत हजारभर लोकांना ऐकवलं असेल. कुणाच्या डोक्यात शिरल्याचं तिला आठवत नव्हतं.

तेवढ्यात मागं रांग लागली. एसटी, दोन टेम्पो, मोटारसायकली. हॉर्न सुरू झाले. हॉर्न वाजवून रेल्वे लवकर येते, असा या लोकांना कुणी शोध लावून दिलाय कोण जाणे. दहा मिनिटं गेली. गाडी काही येईना. पवित्रानं मास्तरला फोन लावला. मास्तर म्हणाले, "मागच्या स्टेशनात उशीर झाला तिला. आत्ता सुटायच्या बेतात हाय. उघडू नका."

तिनं बाहेर येऊन तेच सांगितलं, तर अमरसिंह उसळला. "सुटायच्या बेतात म्हणजे सुटलेली न्हाय की. बघितलं का? पगार सरकारचा आणि मिजास किती. पाच मिण्टं उघडलं असतं तर सगळी मोकळी झाली असती."

"साहेब, तुमचा मुहूर्त चुकला तर गुरुजी दुसरा काढून देतील. माझा नंबर चुकला तर दुसरा काढता येत न्हाय."

रांगेतले चार-दोन जण हसले. आणि ते हसणंच बहुतेक नडलं. अमरसिंहच्या तोंडाचा रंग बदलला. माणूस गाडीसाठी थांबतो एकवेळ, पण चारचौघांत हसं झालं की थांबत नाही.

आत फोन पुन्हा वाजला. "बाई, गाडी सुटली."

ती "बरं" म्हणाली, वहीत अकरा चोवीस लिहिलं, आणि तेवढ्यात बाहेर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. ती धावत बाहेर आली. गुंडूनं लोखंडी टॉमी घालून कुलपाची कडी तोडली होती आणि दोघं मिळून दांडी खांद्यावर घेऊन वर रेटत होते. पलीकडची दांडी आधीच वर गेली होती. दांडीखालून वाकून तिकडं कोण कधी गेलं, ते तिला कळलंच नव्हतं.

"सोडा! गाडी सुटलीय! सोडा ते!"

"जोत्या, आण ट्रॅक्टर!" अमरसिंह ओरडला.

पवित्रानं दोन्ही हात आडवे करून रुळांकडं धाव घेतली. जोतीराम ट्रॅक्टरवर बसला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिला आजही शपथेवर सांगता येईल, की त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. ती मानेनं नाही म्हणत होती, हातानं नाही म्हणत होती, तोंडानं ओरडत होती. पलीकडून मालक हाक मारत होता. आणि जोतीरामनं गिअर टाकला. सगळ्या जगानं नियम मोडला असता तर तिला काही वाटलं नसतं, रोजचंच होतं ते. पण हा?

तो रूळ ओलांडून आला, फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत वळला, मागं सरकून ट्रॉलीला लागला. गुंडूनं त्याच टॉमीनं ट्रॉली जोडायची पिन ठोकली आणि टॉमी सीटखाली टाकली. सगळं मिळून मिनिटभरच लागलं असेल. पवित्रा ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिली. "जोतीराम, गाडी सुटलीय. मास्तरनी सांगितलंय. उतर."

तो पुटपुटला, "अक्का, निघतोच. बाजूला व्हा." तिच्या नजरेला नजर द्यायची नव्हती म्हणून तो स्टिअरिंगकडं बघत होता.

दोन मोटारसायकलवाल्यांनी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. वर म्हणाले, "मॅडम, लागंल की तुम्हाला." काळजी बघा किती.

ट्रॅक्टर चढावर गेला. पुढची चाकं उचलली, टेकली, पुन्हा उचलली. ट्रॅक्टर रुळांपार झाला आणि ट्रॉलीची पुढची चाकं रुळांवर आली, तेव्हा कट्ट असा आवाज झाला. घाईत ठोकलेली पिन नीट बसली नव्हती. ती निघून उडाली, ट्रॅक्टर रिकामा पुढं पळाला, आणि ट्रॉलीची दांडी खाली पडून दोन रुळांच्या मध्ये रुतली. आठ-नऊ टन ऊस रेल्वेच्या वाटेत आडवा बसला.

एक क्षण हॉर्न थांबले. सकाळपासून पहिल्यांदाच तिथं शांतता झाली.

आणि मग लोकांनी तेच केलं जे ऊसवाले लोक नेहमी करतात. ट्रॉली अडली की ऊस उतरायचा, हलकी करायची आणि ढकलायची. बांधावर, ओढ्यात, चिखलात हेच करतात, हातांना सवयच ती. गुंडू दोर कापायला लागला. दोन गडी ट्रॉलीवर चढायला लागले. अमरसिंह ओरडत होता, "मोळ्या खाली फेका! पाच मिण्टात होतंय!"

पवित्राचा आवाज इतका कधी चढला नव्हता. "वर चढू नका! डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार हाय! हात लागायची वाट बघत न्हाय ती, लांबूनच ओढती! उतर खाली, ए! कोळसा व्हशील!"

वर पोचलेला गडी एकदम खाली बसला आणि घसरत उतरला. ती केबिनमध्ये धावली. फोन.

"मास्तर, फाटक तोडलंय. ट्रॉली रुळावर अडकलीय. गाडी अडवा."

 मास्तर म्हणाले, "सुटून तीन मिण्टं झाली, बाई. वॉकीटॉकीवर बोलावतो इंजिनाच्या पायलटला, लागला तर लागला. कोल्हापूरकडनं काही सोडत न्हाय. तुम्ही पळा."

फोनचा भरवसा नाही म्हणूनच तर कोपऱ्यात ती पेटी असते. दोन काठ्यांवर ताणायचा बॅनर झेंडा, लाल झेंडा, डबीत रुळावर लावायचे, चाकाखाली फुटून पायलटला सावध करणारे फटाके. दर महिन्याला साहेब येऊन मोजून जायचे आणि ती मनात म्हणायची, कधी लागायचेत हे. तिनं सगळं उचललं. बाहेर एसटीतून उतरलेली कंडक्टर बाई, संयोगिता, समोर आली.

"ताई, काय करू?"

"सगळी माणसं रुळापासनं लांब घे. ट्रॉलीला कुणी हात लावायचा न्हाय. ट्रॉली गेली तर गेली. कुणी ऐकलं न्हाय तर तिकिटाची पेटी घाल डोक्यात."

संयोगितानं मान हलवली आणि वळून असा आवाज लावला, की पुढच्या पाच मिनिटांत एकही माणूस रुळाजवळ गेला नाही.

पवित्रानं फाटकापासून पाच मीटरवर मिरजेच्या बाजूला बॅनर झेंडा रुळांच्या आडवा रोवला आणि पळत सुटली. एका हातात लाल झेंडा उघडा, दुसऱ्या हातात डबी. पायांखाली खडी. खडीवरून पळणं म्हणजे पावलागणिक घोटा मुरगळणं. ती तारेचे खांब मोजत होती. दहा-अकरा खांब म्हणजे सहाशे मीटर. तिथं एक फटाका. मग आणखी तेवढंच, तिथं तीन. हे शिकवताना साहेबांनी सांगितलं होतं, "गाडी आधीच दिसली तर जिथं असशील तिथं लाव."

तिसरा खांब. चौथा. तिला भीती वाटत नव्हती, नुसता राग येत होता. अमरसिंहचा राग, दंडाला धरणाऱ्यांचा राग, हसणाऱ्यांचा राग, आठ वर्षं वाजलेल्या सगळ्या हॉर्नांचा राग. पण सगळ्यात वर जोतीराम होता. ज्यानं फाटकाला माणूस नव्हता तेव्हा स्वतः माणूस होऊन दाखवलं, त्यानं माणूस समोर उभा असताना गिअर टाकला. पॅसेंजरमध्ये काय असतं? जयसिंगपूरच्या कॉलेजच्या पोरी, भाजीच्या टोपल्या, दवाखान्यात निघालेली म्हातारी. त्यांनी काय घोडं मारलं होतं अमरसिंहच्या पुतण्याचं?

नववा खांब. छाती फुटायला आली. अकराव्याला ती गुडघ्यावर बसली, रुळावर फटाका ठेवला, त्याच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी रुळाखाली वळवल्या.  उठून पुन्हा पळाली. चौदाव्या खांबापाशी रूळ गुणगुणायला लागले आणि लांब, सरळ वाटेच्या टोकाशी इंजिनाचा दिवा दिसला.

मग तिनं पळणं थांबवलं. जिथं होती तिथं रुळावर दहा-दहा पावलांवर दोन फटाके लावले, तिसऱ्याला वेळ राहिला नाही. बाजूला होऊन लाल झेंडा उंच धरून झाडायला लागली. ओरडत होती. काय ओरडत होती ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. गडहिंग्लजच्या माहेरची कानडी होती ती, बहुतेक शिव्याच.

इंजिनानं लांबलचक भोंगा दिला. मग चाकांतून किंचाळी निघाली. पायलटनं ब्रेक टाकला होता. गाडी तिच्यासमोरून गेली तेव्हा अजून वेगात होती. फटाके फुटले, एक, दोन. खिडक्यांत तोंडं होती, एक बाई कडेवरचं मूल घट्ट धरून उभी. जळक्या लोखंडाचा वास आला. पुढं सहाशे मीटरवाला तिसरा फटाका फुटल्याचं तिनं ऐकलं. डब्यामागून डबे जात राहिले, जात राहिले, आणि ती तिथंच खडीवर झेंडा धरून उभी राहिली, कारण आता तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

शेवटचा डबा हळू झाला. मग आणखी हळू. मग थांबला.

ती गाडीच्या कडेनं चालत परत आली, तेव्हा इंजिन आणि ट्रॉली यांच्यात चार खांब होते. पायलट खाली उतरून पाणी पीत होता. म्हणाला, "वॉकीवर काहीतरी खरखर आली, पण कळलं काहीच नाही. झेंडा दिसला तुमचा." तिनं झेंडा गुंडाळला. तिच्या पायातली एक चप्पल कुठं गेली होती तेही तिला तेव्हाच कळलं.

पुढचं काम सोपं होतं. जोतीरामनं ट्रॅक्टर उलटा आणला, साखळी लावली, रुतलेली दांडी उचलून ट्रॉली पलीकडं ओढून घेतली. दहा मिनिटं. पवित्रानं आणि पायलटनं रूळ बघितले, मास्तरला कळवलं, बॅनर झेंडा काढला आणि गाडी हळूहळू कोल्हापूरकडं गेली. अमरसिंह घड्याळ बघत म्हणाला, "बघा. दहा मिण्टाचं काम होतं. उगाच एवढा तमाशा."

पवित्रानं त्याच्याकडं बघितलं आणि तिला वाटलं, याला आत्ता बोलले तर नोकरी जाईल अशीच भाषा तोंडातून निघेल. ती केबिनकडं वळली.

मुहूर्त टळलाच होता, तेव्हा प्रकरण मिटवायला अमरसिंह माणसांसकट थांबूनच राहिला. तासाभरात रेल्वे पोलिसांची जीप आली. आत अधिकारी आणि दोन शिपाई. चौकशी केबिनसमोरच सुरू झाली, आणि अमरसिंहनं जे सांगितलं ते ऐकून पवित्राला क्षणभर वाटलं आपण दुसऱ्याच गावची गोष्ट ऐकतोय.

"साहेब, बाईंनीच उघडून दिलं. आम्ही विनंती केली, त्या म्हटल्या, काढा लवकर. आता अंगाशी आलं म्हणून पलटल्या. कुलूप? ते आधीपास्नंच तुटकं असणार. तुम्हीच बघा, सरकारी माल."

तुटलेली कुलपं गुंडूच्या हातात नव्हती, जमिनीवर नव्हती. उसात फेकलेली असणार. अधिकारी पवित्राकडं वळला. "नंबर तुम्ही दिलाय, ते नोंदलेलं आहे. पण नंतर फाटक कुणी उघडलं, याला साक्षीदार?"

ती रांगेकडं वळली. सकाळी इथं चाळीस माणसं होती. हसणारी, हॉर्न वाजवणारी, दंड धरणारी. आता रस्ता मोकळा होता. जी चार-पाच उरली होती, त्यातला एक म्हणाला, "आम्ही मागं हुतो." दुसरा म्हणाला, "गर्दीत काय दिसतंय." संयोगितानं बस थांबवून ठेवली होती, पण रांगेत ती दोन टेम्पोंच्या मागं होती; तिनं आवाज ऐकला होता, पण दांडी उचलताना बघितलं नव्हतं, आणि ती खोटं बोलायला तयार नव्हती. ते पवित्राला बरोबरच वाटलं. पण तिला समजून चुकलं की नंबर तिचा, फाटक तिचं, आणि तीनशे माणसांना वाचवल्याबद्दल आता निलंबनही तिचंच.

अमरसिंहनं मग आवाज खाली आणला. "बाई, समजुतीनं घेऊ. कुलूप खराब होतं एवढं लिवा. तुम्ही बी सुटला, आम्ही बी."

"न्हाय," ती म्हणाली.

"मग तुमची मर्जी. साक्षीदार हाय का तुमच्याकडं?"

"हाय."

हे पवित्रा बोलली नव्हती. जोतीराम ट्रॅक्टरवरून उतरून केबिनपर्यंत चालत आला होता. तो अधिकाऱ्यासमोर उभा राहिला, आणि मालकाकडं न बघता सांगायला लागला.

"दोन्ही कुलपं गुंडूनं तोडली, टॉमीनं. टॉमी माझ्याच ट्रॅक्टरची, पलीकडं येऊन त्यानंच उचलली. तिथं सीटखाली हाय, बघा, तिच्यावर कडीचा व्रण असंल. मालकांनी सांगितलं म्हणून तोडली. अक्का आडव्या झाल्या, गाडी सुटलीय म्हणून सांगत होत्या. मला ऐकू आलं होतं. ऐकून मी गाडी घातली."

अमरसिंह हळूच म्हणाला, "जोत्या, तुला कळतंय का काय बोलतोयस? फाटक तोडल्याचा गुन्हा हाय. आत जाशील."

"जाईन की," जोतीराम म्हणाला. "फाटकाला माणूस नव्हता तवा रोज उतरून बघत हुतो, मालक. आज एकदा न्हाय बघितलं. त्याचं काय ते भरायलाच पायजे."

त्यानं ट्रॅक्टरची चावी काढून अमरसिंहच्या हातात ठेवली.

अधिकारी पवित्राकडं वळला. "तुमचा लेखी अहवाल द्या, मॅडम. नावांसकट."

ती केबिनमध्ये जाऊन बसली. पहिलं नाव अमरसिंह. दुसरं गुंडू. तिसऱ्याशी येऊन पेन थांबलं. खिडकीतून जोतीराम दिसत होता. आता तिला जर कुणी म्हणालं असतं, बाई, त्यानं तुमची नोकरी वाचवली, तर ती म्हणाली असती, हो, आणि आधी त्यानंच ती घालवली होती. त्या पॅसेंजरमधल्या कडेवरच्या मुलाला काय, हा नंतर खरं बोलला म्हणून बरं वाटणार होतं का? तिचे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले म्हणून तिला आणखीच राग आला. तिनं पेन दाबून लिहिलं: ट्रॅक्टरचालक जोतीराम. पुढं त्याच्या बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं लिहिलं. एक अक्षरही कमी केलं नाही.

जीप रुळांच्या पलीकडं उभी होती. शिपाई अमरसिंहला आणि गुंडूला घेऊन सरळ चालत गेला. जोतीराम सगळ्यात मागं होता. रुळांपाशी आल्यावर तो थांबला. फाटक उघडं होतं, गाडी यायची नव्हती, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं आधी मिरजेकडं बघितलं, मग कोल्हापूरकडं, कान दिला, आणि केबिनकडं वळला.

"अक्का, हाय का काय?"

सकाळी हे विचारलं असतंस तर, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती खिडकीत उभी राहिली.  जीपमधून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"न्हाय," ती म्हणाली. "जा."